आधी रजा की आधी तिकीट?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एलटीसीचा, म्हणजे रजा प्रवास सवलतीचा अर्ज करताना दोनदा तारखा लिहाव्या लागतात. रजा कधीपासून कधीपर्यंत हे एकदा, आणि जाण्यायेण्याचा प्रवास कोणत्या दिवशी हे पुन्हा एकदा. कागदावर या दोन ओळी शेजारीशेजारी असतात, पण कार्यालयात त्या दोन टेबलांवर फिरतात. रजा साहेब मंजूर करतात, आणि तीही 'त्या आठवड्यात कामाचं काय' हे मनात घोळवत. प्रवासाची पात्रता आस्थापना शाखा तपासते. आगाऊ रक्कम आणि नंतरचे देयक लेखा शाखेकडे जाते. रेल्वेचे आरक्षण मात्र यांपैकी कोणासाठीही थांबत नाही.

माझे म्हणणे असे, की या अर्जावर रजा आणि प्रवास यांचा एकच आदेश निघावा, तो आरक्षण खुले होण्यापूर्वी निघावा, आणि एकदा निघाल्यावर कार्यालयाच्या कामासाठी तारीख हलली तर त्याचा भुर्दंड कार्यालयाने भरावा. आज बहुतेक ठिकाणी तो कर्मचारी मुकाट्याने भरतो, कारण देयकाच्या वेळी वाद घालण्यापेक्षा दोन-तीन हजार सोडून देणे त्याला परवडते.

ज्यांचा या सवलतीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९८८ चे एलटीसी नियम चार-चार वर्षांच्या गटावर चालतात. २०२२ ते २०२५ हा एक गट, २०२६ ते २०२९ हा पुढचा. चार वर्षांत दोनदा स्वग्रामी जाता येते, आणि त्यातल्या एका फेरीऐवजी भारतात कुठेही. नव्याने लागलेल्यांना सुरुवातीची काही वर्षे दरवर्षी जाता येते, पण ते इथे नको. सरकार देते ते फक्त भाडे, आणि तेही पात्रतेच्या वर्गाचे व जवळच्या थेट मार्गाचे. हॉटेल, टॅक्सी, खाणेपिणे ज्याचे त्याने बघायचे. प्रवास कोणत्या गटात मोजायचा हे जाण्याच्या तारखेवरून ठरते. परतीचा प्रवास गट संपल्यावर झाला तरी चालतो. गटातली फेरी राहून गेली तर पुढच्या गटाच्या पहिल्या वर्षात ती घेता येते, म्हणजे २०२२-२५ ची शिल्लक फेरी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत निघाली तर चालते.

आता आपल्या मुद्द्यापुरता महत्त्वाचा नियम. एलटीसी कोणत्याही रजेत घेता येते. अर्जित रजा चालते, साधी किरकोळ रजाही चालते. पण नुसत्या सुट्ट्यांमध्ये जाऊन आलात आणि एकही दिवस रजा टाकली नाही, तर ती मिळत नाही. 'रजा' हा शब्द सवलतीच्या नावात आहे तो असा. त्यामुळे प्रत्येक अर्जात रजेची तारीख आणि प्रवासाची तारीख यांचा मेळ घालावाच लागतो, आणि गोंधळही तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातले एक केंद्रीय कार्यालय, पाच दिवसांचा आठवडा. तिथला एक सहायक, वेतनस्तर ६, मूळ वेतन ४४,९००. घरी बायको आणि दोन शाळकरी मुले. मे २०२५ मध्ये कन्याकुमारीला जायचे ठरते. स्तर ६ ला रेल्वेचा द्वितीय श्रेणी वातानुकूलित वर्ग मिळतो, विमान नाही. पुण्याहून गाडी रात्री उशिरा सुटते आणि दोन रात्री गाडीत जातात. हा माणूस कॅलेंडर घेऊन बसतो. शनिवार-रविवार म्हणजे १० आणि ११ मे. सोमवारी, १२ तारखेला, बुद्धपौर्णिमेची सुट्टी. मंगळवार १३ ते शुक्रवार १६ एवढी चारच दिवस रजा टाकली की पुढचे शनिवार-रविवार, १७ आणि १८, पुन्हा मोकळे. शुक्रवारी ९ तारखेला कार्यालय सुटल्यावर रात्रीची गाडी, शनिवारी १७ ला तिकडून परत, रविवारी १८ ला रात्री पुणे, सोमवारी १९ ला हजर. चार दिवसांच्या रजेत नऊ दिवस पदरात पडतात. यात काहीही गैर नाही. सरकारी नोकरीत कॅलेंडर वाचता येणे हा आवश्यक गुण आहे.

अर्ज आस्थापना शाखेत जातो आणि पहिला प्रश्न येतो.

"रजा तेरापासून आहे, मग तिकीट नऊ तारखेचं कसं?"

"मॅडम, मधे शनिवार, रविवार आणि बुद्धपौर्णिमा आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार."

"ते मला कळतं हो. पण लेखावाल्यांनी विचारलं तर मी काय दाखवू?"

मॅडमचे चुकत नाही. त्यांना कागद लागतो. गंमत अशी की तो कागद नियमातच आहे. केंद्रीय रजा नियमांतला नियम २२ म्हणतो, की रजेच्या आधी किंवा नंतर लागून सुट्ट्या असतील, तर आधीच्या दिवशी काम संपल्यावर मुख्यालय सोडायला आणि सुट्ट्या संपल्यावर दुसऱ्या दिवशी परतायला परवानगी आहे असेच गृहीत धरायचे. प्रशासकीय कारणासाठी ती मुद्दाम नाकारली असेल तरच नाही. (वैद्यकीय दाखल्यावरच्या रजेला वेगळे नियम आहेत.) म्हणजे शुक्रवारी रात्रीच्या तिकिटाला वेगळ्या मंजुरीची गरजच नाही. तरीही अर्जात 'दि. १० ते १२ आणि दि. १७ व १८ या सुट्ट्या रजेला जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी' हे वाक्य लिहावेच. विशेषतः रजा किरकोळ असेल तर नक्कीच, कारण किरकोळ रजा या रजा नियमांत मोडतच नाही. तिला वेगळ्या सूचना लागू होतात, आणि मग नियम २२ चा आधार सांगणाऱ्याला कोणीतरी हटकतो.

इथे गाडीची वेळही बघावी लागते. पावणेबाराला सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटावर ९ तारीख असते. तीच गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी असती तर तिकिटावर १० तारीख आली असती. घरातून निघायची रात्र तीच, पण अर्जात 'प्रवासाची तारीख' ९ लिहिली आणि तिकिटावर १० छापली, की देयकावर हरकत तयार. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्यांचे हे हमखास होते. गाडी मूळ स्थानकावरून एका तारखेला सुटते आणि आपल्या स्थानकावर दुसऱ्या तारखेला पोचते. अर्जात तिकिटावरचीच तारीख लिहावी, घरातून निघण्याची नव्हे.

मग प्रश्न रजेच्या प्रकाराचा. आपल्या सहायकाच्या खाती ४३ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे असे धरू. एलटीसीला जाताना दहा दिवसांपर्यंत अर्जित रजा विकून पैसे घेता येतात. पूर्ण नोकरीत मिळून साठ दिवस, आणि हे निवृत्तीच्या वेळच्या तीनशे दिवसांतून वजा होत नाहीत. दर साधा आहे: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले तीस. मे २०२५ मध्ये महागाई भत्ता ५५ टक्के होता. ४४,९०० वर तो धरून ६९,५९५ होतात. दहा दिवसांचे साधारण २३,२०० रुपये. भाडे सरकार देणार असेल, तर हॉटेल आणि फिरणे या पैशांत बसते. म्हणून हे रोखीकरण कोणी सोडत नाही.

पण अट अशी, की विकलेली रजा आणि घेतलेली रजा दोन्ही वजा करून किमान तीस दिवस खात्यात उरले पाहिजेत. चार दिवस अर्जित रजा घेतली आणि दहा विकले, तर ४३ मधून १४ गेले आणि २९ उरले. एक दिवस कमी. बिल परत. त्याऐवजी तेच चार दिवस किरकोळ रजा टाकली तर ३३ उरतात आणि दहाच्या दहा दिवसांचे पैसे मिळतात. रोखीकरणाला रजा किती दिवसांची आणि कोणत्या प्रकारची याचे बंधन २००८ पासून नाही, हे पुष्कळांना अजूनही ठाऊक नसते. किरकोळ रजेचा एक तोटा आहे. ती दुसऱ्या रजेला जोडता येत नाही. तिकडे मूल आजारी पडले आणि आठवडाभर मुक्काम वाढला, तर 'किरकोळ चार, पुढे अर्जित पाच' असे चालत नाही. प्रकाराचा निर्णय अर्ज करतानाच घ्यावा लागतो.

इतके सगळे कर्मचाऱ्याने बिनचूक केले तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही. साहेबांची सही कधी होईल?

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, प्रवासाचा दिवस सोडून. ९ मेच्या गाडीचे आरक्षण १० मार्चला सकाळी आठला खुले झाले. मे महिना, शाळांच्या सुट्ट्या, दक्षिणेकडची गाडी, द्वितीय श्रेणी वातानुकूलितचे मोजके डबे. चार जागा एकत्र हव्या असतील तर सकाळी आठलाच बसावे लागते. दुपारपर्यंत थांबणारा प्रतीक्षा यादीत जातो. परतीचे आरक्षण १८ मार्चला. म्हणजे रजेचा आदेश १० मार्चच्या आधी हातात असायला हवा. कार्मिक विभागाने फेब्रुवारी २०१६ मध्ये एलटीसीची पद्धत सोपी करताना रजा मंजुरीला पाच कामाचे दिवस आणि आगाऊ रकमेच्या मंजुरीला पाच कामाचे दिवस अशी मुदत घालून दिली. कागदावर हे सुरेख आहे. ३ मार्चला, सोमवारी, अर्ज दिला तर पाचवा कामाचा दिवस १० मार्चच येतो. कार्यालय साडेनऊला उघडते आणि आरक्षण आठला. म्हणून अर्ज फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात द्यायचा. तेव्हा साहेब म्हणतात, "मे अजून लांब आहे, बघू."

या 'बघू'वर माझा सगळा आक्षेप आहे. पाच दिवसांची मुदत आहे, पण ती उलटली तर मंजुरी गृहीत धरावी असे त्यात नाही. त्यामुळे सही न करणे हाही एक निर्णय ठरतो, मात्र तो कोणाच्याही नावावर लागत नाही. कर्मचाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात. मंजुरीविना स्वतःच्या खिशातून तिकीट काढायचे आणि एप्रिलमध्ये देव पाण्यात घालून बसायचे. नाहीतर मंजुरीची वाट बघायची आणि एप्रिलमध्ये तत्काळच्या रांगेत उभे राहायचे. पहिल्या वाटेवर रजा नाकारली गेली तर रद्द करण्याचे पैसे स्वतःचे. दुसऱ्या वाटेवर तत्काळचे जादा शुल्क सरकार भरून देते, कारण एलटीसीत तत्काळ शुल्क ग्राह्य आहे. म्हणजे कार्यालयाच्या दिरंगाईचा खर्च एका बाजूला कर्मचाऱ्यावर आणि दुसऱ्या बाजूला सरकारी तिजोरीवर पडतो. दिरंगाई करणाऱ्याला त्याची तोशीस कुठेच लागत नाही.

विमानाचा हक्क असलेल्यांना, म्हणजे स्तर ९ आणि त्यावरच्यांना, हेच जास्त काटेकोरपणे भोवते. ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच काढायचे. निवडलेल्या तीन तासांच्या पट्ट्यातले सर्वांत स्वस्त भाडे घ्यायचे, शक्यतो प्रवासाच्या किमान एकवीस दिवस आधी. आणि काढतेवेळी पडद्यावर दिसणाऱ्या उड्डाणांच्या व भाड्यांच्या पानाची प्रत जपून ठेवायची, कारण देयकासोबत ती लागते. नंतर ती पुन्हा मिळत नाही, कारण भाडे तासाभरात बदललेले असते. एका प्रवासासाठी एकच तिकीट धरायचे, म्हणजे 'दोन तारखांची दोन ठेवू, रजा मिळेल त्या तारखेचे वापरू' ही पळवाटही बंद. या सगळ्या अटी सरकारचा पैसा वाचवण्यासाठी आहेत आणि त्या योग्यच आहेत. पण त्या पाळायच्या तर तारीख आधी पक्की हवी, आणि तारीख पक्की करणे कर्मचाऱ्याच्या हातात नाही. त्याला एकवीस दिवसांचे बंधन आहे. त्याच्या साहेबांना कसलेच नाही.

यावर प्रशासनाची एक बाजू आहे आणि ती मी हलकी मानत नाही. रजा नियमांतला नियम ७ स्पष्ट सांगतो, की रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि सेवेच्या गरजेनुसार ती नाकारता किंवा रद्द करता येते. हे असायलाच हवे. मे महिन्यात पूर्वतयारीच्या बैठका असतात, निवडणूक लागू शकते, संसदेचा प्रश्न येऊ शकतो, आपत्ती तर कधीही येते. तीन माणसांच्या शाखेतले दोघे एकाच आठवड्यात कन्याकुमारीला गेले तर टपाल कोण उघडणार? तेव्हा नकाराचा अधिकार काढून घ्या असे मी म्हणत नाही. नकार द्यायचा तर तो पाच दिवसांत आणि लेखी द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. लेखी नकार मिळाला तर माणूस जूनची तारीख मागू शकतो. 'बघू'वर त्याला काहीच मागता येत नाही.

आणि पाच दिवसांत उत्तर आले नाही तर रजा मंजूर समजावी. ही कल्पना कोणाला धाडसी वाटेल, पण नियम २२ मध्ये ती आधीपासून बसलेली आहे. सुट्ट्या जोडून घेण्याची परवानगी सरकार गृहीत धरते आणि नाकारायची असेल तर नाकारण्याचे काम अधिकाऱ्यावर टाकते. प्रशासन त्याने कोसळलेले नाही. तेच तत्त्व सुट्ट्यांच्या मधल्या चार दिवसांना लावायला काय हरकत आहे?

दुसरी सुधारणा मंजुरीनंतरची. एकदा आदेश निघाला, त्यावर कर्मचाऱ्याने तिकीट काढले, आणि नंतर कामासाठी रजा रद्द झाली, तर रद्द करण्याचे शुल्क देणे ही जबाबदारी आदेशातच लिहिलेली असावी. आज त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर टिपणी, मग 'कार्यालयीन कारण होते काय' याचा दाखला, आणि तो दाखला द्यायला ज्यांनी रजा रद्द केली तेच अधिकारी, असा फेरा पडतो. स्वतःच्या साहेबाकडून त्याच्याच निर्णयाचा दाखला मागायला किती जण जातील? रक्कम थोडी असते म्हणून प्रकरण तिथेच संपते. पण रद्द करण्याला किंमत आहे हे आदेशात दिसले, तर साहेबही रद्द करण्यापूर्वी एकदा विचारतील, की ही बैठक दुसरा कोणी सांभाळेल का.

आता आगाऊ रकमेचा काटा बघा. भाड्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळते. ती घेतल्यावर दहा दिवसांत तिकिटे दाखवावी लागतात, आणि परतल्यावर महिन्याभरात देयक द्यावे लागते. आगाऊ घेतली नसेल तर देयकाला तीन महिने मिळतात. महिना चुकला तर पूर्ण रक्कम परत आणि वर दंडव्याज, भविष्य निर्वाह निधीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त. हा दर गेली काही वर्षे ७.१ टक्के आहे, म्हणजे ९.१ टक्के. कर्मचाऱ्याच्या प्रत्येक पायरीला मुदत आणि दंड दोन्ही आहेत. कार्यालयाच्या पायऱ्यांना फक्त मुदत आहे. हा असमतोल कुठल्याच परिपत्रकात कोणी मुद्दाम ठरवलेला नाही. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारणांनी आदेश निघत गेले आणि त्यांची बेरीज अशी झाली.

तारखा इतक्या बारकाईने तपासायच्या त्या फसवणूक रोखण्यासाठी, असे उत्तर येते. फसवणूक झालेली आहे. संसद सदस्यांच्या प्रवास सवलतीच्या प्रकरणात सीबीआयने २०१३ मध्ये गुन्हा नोंदवला आणि २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने राज्यसभेच्या एका माजी सदस्याला दोषी ठरवले. आरोप होता बनावट विमान तिकिटे आणि बोर्डिंग पास दाखवून प्रवास न करताच पैसे उचलल्याचा. पण बनावट कागद तयार करणारा तारखा जुळवूनच तयार करतो. तारखेतली तफावत सापडते ती बहुधा खरोखर प्रवास केलेल्याच्या देयकात, कारण खरा प्रवास कागदासारखा सरळ होत नाही. गाडी उशिरा येते, बाळ आजारी पडते, पावणेबाराची गाडी बारा-दहाची होते. खोटे पकडायचे तर तिकिटाचा पीएनआर रेल्वेकडून पडताळा. ते खरे काम आहे. रजेच्या आदेशावरची तारीख आणि तिकिटावरची तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला म्हणून देयक परत पाठवणे सोपे आहे, म्हणून ते केले जाते.

काही सहकारी यापुढे जाऊन म्हणतात, की हे तिकीट, तारखा, पडताळणी सगळेच बंद करा आणि दर गटाला ठरावीक रोख द्या. करोनाच्या काळात सरकारने जवळपास तसेच केले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला विशेष रोख योजना जाहीर झाली. रेल्वेची पात्रता असलेल्याला माणशी ६,००० रुपये जाण्यायेण्याचे भाडे मानले गेले. आपल्या सहायकाच्या चौघांचे २४,००० होतात. ते मिळवायला त्याच्या तिप्पट, म्हणजे ७२,००० रुपये, १२ टक्के किंवा जास्त जीएसटीच्या वस्तू-सेवांवर ३१ मार्च २०२१ पर्यंत डिजिटल पद्धतीने खर्च करायचे होते. पुष्कळांच्या घरी त्या वर्षी फ्रिज आणि वॉशिंग मशीन आले. वाईट काही नाही, प्रवास बंदच होता.

पण ती पद्धत कायमची करायला माझा विरोध आहे. रोख मिळाली की ती हप्त्यात जाते आणि रजा तशीच पडून राहते. एलटीसीत सरकार देते त्यातले सर्वांत किमती म्हणजे सलग मोकळे दिवस, भाडे त्याच्यामागून येते. ज्या कार्यालयात एरवी चार दिवस रजा मागितली तर 'कशाला हवी?' असा प्रश्न येतो, तिथे एलटीसीच्या नावावर ती मागता येते. रोखीत हे निमित्तच जाईल. आणि स्तर एकपासून पाचपर्यंतच्या कर्मचाऱ्यांच्या घरात कुटुंबाचा एवढा लांबचा प्रवास बरेचदा याच निमित्ताने होतो. (जाता जाता, २०१६ च्या त्याच सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांनी पाहिलेल्या स्थळांची छायाचित्रे आणि अनुभव योग्य व्यासपीठावर मांडावेत असेही आवाहन आहे. लेखा शाखेच्या हरकतींचे छायाचित्र चालेल का, हे स्पष्ट नाही.)

तर आदेश कसा असावा? मी जे सुचवतो ते एका पानात बसते. वर कर्मचाऱ्याचे नाव, गट, फेरीचा प्रकार आणि ठिकाण. ठिकाण आधी लिहिणे आवश्यकच आहे, कारण ते बदलायचे तर निघण्यापूर्वी कळवावे लागते. मग रजेचा प्रकार आणि तारखा. त्याखाली जोडलेल्या सुट्ट्या, तारखेनिशी. त्याखाली मुख्यालय सोडण्याची आणि परतण्याची मर्यादा. आपल्या उदाहरणात 'दि. ९ मे रोजी कार्यालयीन वेळेनंतर ते दि. १९ मे रोजी कार्यालय सुरू होईपर्यंत'. या मर्यादेत तिकिटाची कोणतीही तारीख बसली की लेखा शाखेने रजेच्या तारखेचा प्रश्न विचारू नये. आज अर्जात प्रवासाची एकेक तारीख लिहून घेतली जाते आणि मग एक दिवस इकडेतिकडे झाला की 'सुधारित मंजुरी' आणा म्हणतात. तारखेऐवजी मर्यादा दिली तर नऊची गाडी मिळाली नाही म्हणून दहाची घेतलेल्या माणसाला साहेबांकडे पुन्हा जावे लागणार नाही. रोखीकरणाचे दिवस आणि त्यानंतर उरणारी अर्जित रजा याच पानावर आली, तर ४३ वजा १४ हा हिशेब आस्थापना शाखेत मंजुरीपूर्वीच होईल, बिल परत आल्यावर नव्हे.

याला नवा कायदा लागत नाही. कार्यालयप्रमुखाच्या अधिकारात बसेल असे बरेच काही यात आहे. ज्या कार्यालयात जानेवारीतच वर्षभराच्या एलटीसीच्या इच्छा मागवून मे आणि दिवाळीच्या तारखा वाटून घेतल्या जातात, तिथे 'बघू' म्हणायची वेळ फारशी येत नाही. कोणाच्या मुलांची दहावी आहे, कोणाची आधीच्या मेमध्ये झाली आहे, हे शाखेत सगळ्यांना माहीत असते, आणि वाटणी बहुतेक वेळा शाखाच करते. साहेबांना फक्त सही करायची असते.

राहिला प्रश्न गाडी उशिरा येण्याचा. रविवारी रात्री पुण्यात पोचणारी गाडी सोमवारी सकाळी पोचली, तर आपला सहायक साडेनऊला टेबलावर नसेल. तो स्थानकावरून फोन करील, दुपारी येईल आणि अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकील. हा हजेरीचा प्रश्न आहे आणि तो हजेरीतच मिटावा. 'मंजूर कालावधीपलीकडे प्रवास' असा शेरा मारून त्याच्या चार तिकिटांचे देयक अडवण्याचे त्यात काहीच कारण नाही, कारण तिकिटावर छापलेली तारीख अजूनही १७ मेच आहे.